छातीतले पाणी आणि तीन आकडे

फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात. एक फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांच्या आतल्या बाजूला. निरोगी माणसाच्या या दोन पडद्यांमधल्या फटीत काही मिलिलीटर द्रव असतो. श्वासागणिक पडदे एकमेकांवरून सहज घसरावेत, एवढेच त्याचे काम. हा द्रव साचत जाऊन लिटर-दीड लिटरवर गेला की फुफ्फुस दबते, जिना चढताना दम लागतो आणि आडवे झाले की धाप वाढते. घरोघरी या अवस्थेला ‘छातीत पाणी होणे’ म्हणतात. सुईने पाणी काढले की रुग्णाला बरे वाटते, पण पाणी कशामुळे साचले हे कळले नसेल तर ते पुन्हा साचते.

कारणांचे दोन मोठे गट आहेत. पहिल्या गटात पडदा निरोगी असतो आणि बिघाड दुसरीकडे असतो. हृदय थकलेले असते, यकृत कडक झालेले असते किंवा मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जात असतात. अशा वेळी साचणाऱ्या पाण्याला ट्रान्स्युडेट म्हणतात. दुसऱ्या गटात पडद्यालाच आजार जडलेला असतो. क्षय, न्यूमोनिया, कर्करोग किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी ही त्याची नेहमीची कारणे. हे पाणी म्हणजे एक्झ्युडेट. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘घाम येणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. एकात द्रव पडद्यातून पलीकडे झिरपतो, तर दुसऱ्यात तो आजारी ऊतीतून बाहेर पाझरतो.

हा फरक ठरला की पुढची वाट ठरते. पाणी ट्रान्स्युडेट असेल तर उपचार हृदयाचा, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा करायचा आणि पडद्याला हात लावायचा नाही. एक्झ्युडेट असेल तर शोध पुढे न्यावा लागतो: पेशींची तपासणी, जंतूंची तपासणी, सीटी स्कॅन आणि गरज पडली तर पडद्याचा तुकडा काढून पाहणे. सिरिंजमधले पाणी यांपैकी कोणत्या गटातले आहे हे सांगण्यासाठी वैद्यकाने शंभराहून अधिक वर्षे निरनिराळ्या कसोट्या वापरल्या. आज जगभर वापरली जाणारी कसोटी १९७२ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे तयार झाली. ती प्रथिने आणि एलडीएच या दोन मोजमापांवर उभी आहे.

पाणी शोधण्यापासून पाणी काढण्यापर्यंत

छातीत द्रव साचतो हे ग्रीक वैद्यांना माहीत होते. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत रुग्णाला खांद्यांना धरून हलवावे आणि छातीत होणारा खळखळाट ऐकावा असे सांगितले आहे. बरगड्यांमध्ये छेद देऊन पू बाहेर काढण्याचे वर्णनही तेथे सापडते. मात्र पू नसलेले, पातळ पाणी छातीत असेल तर ते ओळखायला पुढची अनेक शतके भरवशाचा मार्ग नव्हता.

तो मार्ग १७६१ साली व्हिएन्नात मिळाला. लिओपोल्ड आउएनब्रुगर या वैद्याने छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून आतली स्थिती ओळखण्याची पद्धत मांडली. त्याचे वडील खानावळ चालवत. पिंप ठोकून आत मद्य किती उरले आहे हे पाहण्याची रीत अशा ठिकाणी रोजचीच होती. हवेने भरलेल्या छातीचा आवाज पोकळ येतो, तर पाणी असलेल्या भागाचा आवाज लाकूड ठोकल्यासारखा ठस्स येतो. आउएनब्रुगरने मृतदेहांच्या छातीत द्रव भरून हा फरक पडताळून पाहिला. १८१९ साली रेने लेनेक याचा स्टेथोस्कोपवरचा ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला आणि ठोकणे व ऐकणे मिळून छातीतले पाणी जिवंत माणसात ओळखता येऊ लागले.

त्यानंतर ते बाहेर काढण्याची पाळी आली. पॅरिसमध्ये आर्मां त्रूसो याने १८४० च्या दशकात छातीत नळी घालून पाणी काढण्याचा आग्रह धरला. १८५० साली अमेरिकेत मॉरिल वायमन याने बारीक नळीला शोषणारा पंप जोडला. त्यामुळे मोठा छेद न देता आणि बाहेरची हवा आत न जाऊ देता पाणी ओढून घेता येऊ लागले. बोस्टनच्या हेन्री बौडिच याने हीच पद्धत पुढे रुग्णामागून रुग्णावर वापरली, आलेले अनुभव प्रसिद्ध केले आणि ती रुळवली. ज्या पाण्याकडे आधी केवळ संकट म्हणून पाहिले जाई, ते आता काचेच्या भांड्यात समोर ठेवून पाहता येऊ लागले. ते कोठून आले, हा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाला.

घनतेकडून प्रथिनांकडे

पहिले उत्तर वजनातून मिळाले. आजारी पडद्यातून आलेले पाणी जड भरते आणि निरोगी पडद्यातून झिरपलेले हलके, हे काचेच्या तरंगत्या हायड्रोमीटरवर दिसत होते. विशिष्ट गुरुत्व १.०१५-१.०१६ च्या वर असेल तर एक्झ्युडेट आणि खाली असेल तर ट्रान्स्युडेट, असा ठोकताळा रूढ झाला. याच सुमारास इटलीत फाबिओ रिव्हाल्टा याने सोपी चाचणी सुचवली. पाण्यात ॲसेटिक आम्ल मिसळायचे आणि त्यात छातीतल्या द्रवाचा एक थेंब सोडायचा. थेंब विरून गेला तर ट्रान्स्युडेट, पांढुरक्या धुराच्या वेटोळ्यासारखा खाली उतरला तर एक्झ्युडेट. माणसांसाठी ही चाचणी आता मागे पडली आहे, पण मांजरांच्या एका विषाणूजन्य आजारात पशुवैद्य ती अजूनही वापरतात.

जडपणा असो वा थेंबातले वेटोळे, दोन्हीमागे प्रथिनेच होती. याचे स्पष्टीकरण अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९६ साली दिले. केशवाहिनीतला रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिने, त्यातही अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. या दोन ओढींचा तोल बिघडला की पाणी बाहेर जाते. हृदय थकल्यावर दाब वाढतो. मूत्रपिंडाच्या आजारात रक्तातले अल्ब्युमिन घटते. दोन्ही प्रसंगी केशवाहिनीची भिंत शाबूत असते. पाणी झिरपते, पण प्रथिनांचे मोठे रेणू बहुतांशी मागेच राहतात. क्षय किंवा कर्करोगात मात्र भिंतच सैल होते आणि पाण्याबरोबर प्रथिनेही बाहेर पडतात.

एकदा हे उमगल्यावर हायड्रोमीटरऐवजी प्रथिने थेट मोजणे स्वाभाविकच होते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दर डेसिलीटरला ३ ग्रॅम ही सीमारेषा ठरली. तिच्या वर एक्झ्युडेट, खाली ट्रान्स्युडेट. १९५० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या संख्येने रुग्णांची मोजमापे प्रसिद्ध झाली, तेव्हा या रेषेचा कच्चेपणा उघड झाला. शंभरातले सुमारे दहा नमुने चुकीच्या गटात पडत होते.

या चुकीचे एक कारण साधे होते. पाण्यातली प्रथिने शेवटी रक्तातूनच येतात. कुपोषित किंवा दीर्घ आजारी माणसाच्या रक्तातच प्रथिने कमी असतील, तर त्याच्या क्षयाच्या पाण्यातही ती ३ ग्रॅमपर्यंत पोहोचणार नाहीत. उलट ज्याच्या रक्तात प्रथिने भरपूर आहेत, त्याच्या हृदयविकाराच्या पाण्यात ती ३ च्या वर सहज जातील. रक्तातला आकडा न पाहता केवळ पाण्यातल्या आकड्यावर निर्णय घेणे म्हणजे विहिरीची खोली न पाहता दोर मापण्यासारखे होते.

हृदयविकारासाठी आलेले विकर

दुसरे मोजमाप अगदी वेगळ्या वाटेने आले. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, म्हणजे एलडीएच, हे शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत असणारे विकर आहे. पेशी साखरेपासून ऊर्जा मिळवतात, त्या साखळीतल्या एका टप्प्यावर त्याचे काम असते. पेशी धडधाकट असेपर्यंत हे विकर आत राहते. पेशी फुटली किंवा मेली की ते बाहेर सांडते.

१९५५ साली न्यूयॉर्कमधील फेलिक्स व्रोब्लेव्स्की आणि जॉन लाड्यू यांनी रक्तातले एलडीएच मोजण्याची पद्धत रुग्णांसाठी वापरायला सुरुवात केली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयस्नायूच्या पेशी मरतात आणि रक्तातली एलडीएचची पातळी वाढते, हे लवकरच दिसून आले. व्रोब्लेव्स्कीने १९५८ साली हीच मोजणी छातीतल्या आणि पोटातल्या पाण्यावर करून पाहिली. कर्करोगामुळे झालेल्या पाण्यात एलडीएच रक्तातल्यापेक्षाही जास्त आढळले. तेव्हा कर्करोग ओळखण्याची रासायनिक खूण सापडली, अशी आशा निर्माण झाली.

ती आशा टिकली नाही. न्यूमोनियाच्या आणि क्षयाच्या पाण्यातही एलडीएच तितकेच वाढलेले आढळू लागले. कर्करोग वेगळा काढायला हे मोजमाप निरुपयोगी ठरले, पण या अपयशातच एक उपयोगी गोष्ट दडलेली होती. कारण कोणतेही असो, पडद्यावर दाह असला, पेशी मरत असल्या की पाण्यातले एलडीएच वाढते. प्रथिने केशवाहिनीची भिंत किती सैल झाली हे सांगतात, तर एलडीएच त्या जागी किती पेशी फुटत आहेत हे सांगते. दोन्ही गोष्टी आजारी पडद्याच्याच आहेत, पण एकच नव्हेत. त्यामुळे एका मोजमापाच्या नजरेतून सुटलेला आजार दुसरे मोजमाप पकडू शकते.

बाल्टिमोरमधले १५० नमुने

१९७० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रिचर्ड लाइट नावाचा तरुण डॉक्टर छातीच्या विकारांचे प्रशिक्षण घेत होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, मॅकग्रेगर, लुचसिंगर आणि बॉल यांनी, छातीत पाणी झालेल्या रुग्णांचे नमुने ओळीने तपासायला घेतले. प्रत्येक वेळी पाण्यातील पेशी, प्रथिने आणि एलडीएच मोजले आणि सोबत रक्तातील प्रथिने व एलडीएचही मोजले. रुग्णाला नेमका कोणता आजार आहे, हे या आकड्यांवरून न ठरवता इतर पुराव्यांवरून ठरवले. अशा रीतीने १५० नमुने हाती आले. त्यांपैकी ४७ ट्रान्स्युडेट होते आणि १०३ एक्झ्युडेट.

आधी एकेक मोजमाप सुटे पाहिले गेले. पेशींच्या संख्येवरून दोन गट वेगळे होईनात. केवळ प्रथिनांवरूनही होईनात आणि केवळ एलडीएचवरूनही नाहीत. प्रत्येक ठिकाणी मधला एक पट्टा असा राही की त्यात दोन्ही गटांचे नमुने मिसळलेले असत. मग प्रथिने आणि एलडीएच एकत्र वाचले गेले आणि पाण्यातला आकडा रक्तातल्या आकड्याशी ताडून पाहिला गेला. त्यातून तीन अटी निघाल्या. पाण्यातील प्रथिनांचे सीरममधील प्रथिनांशी गुणोत्तर ०.५ पेक्षा जास्त, पाण्यातील एलडीएच २०० एककांपेक्षा जास्त आणि पाण्यातील एलडीएचचे सीरममधील एलडीएचशी गुणोत्तर ०.६ पेक्षा जास्त. यांतली एक जरी अट पुरी झाली तरी ते पाणी एक्झ्युडेट. एकही पुरी झाली नाही तर ट्रान्स्युडेट.

निकाल असा लागला की १०३ एक्झ्युडेटपैकी एक सोडून सगळ्यांत तीनपैकी किमान एक अट पुरी झाली होती आणि ४७ ट्रान्स्युडेटपैकी फक्त एकात तशी अट आढळली. हा लेख १९७२ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात आला. पुढे ‘लाइटचे निकष’ या नावाने तो जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला.

निकषांत नंतर एकच महत्त्वाची दुरुस्ती झाली. एलडीएच मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या असल्यामुळे एका प्रयोगशाळेतला २०० हा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत निरर्थक ठरत होता. म्हणून ठराविक आकड्याऐवजी ‘त्या प्रयोगशाळेतील सीरम एलडीएचच्या सर्वसाधारण कमाल मर्यादेच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त’ अशी अट आली. अहवालावर कमाल मर्यादा २२५ छापली असेल तर सीमा १५० होते, ४५० असेल तर ३०० होते. ही दुरुस्ती विसरून सरसकट २०० धरणे ही आजही घडणारी चूक आहे.

‘किंवा’ची किंमत

लाइटच्या निकषांचे सगळे सामर्थ्य आणि सगळी मर्यादा एका शब्दात आहे. तीन अटी ‘आणि’ने जोडलेल्या नाहीत, ‘किंवा’ने जोडलेल्या आहेत. एका अटीतून निसटलेला आजार दुसऱ्या किंवा तिसऱ्या अटीत सापडतो. म्हणून खरा एक्झ्युडेट सहसा सुटत नाही. पण जाळे तीन बाजूंनी लावले की त्यात निरोगी पडद्याचे पाणीही कधीकधी अडकते, कारण तीनपैकी एखादा आकडा जरा पुढे सरकला तरी एक्झ्युडेटचा शिक्का बसतो.

सुरुवातीच्या १५० नमुन्यांत ही उणीव दिसली नाही. पुढच्या दोन दशकांत निकष निरनिराळ्या देशांत वापरले गेले तेव्हा ती दिसू लागली. १९९७ साली आठ अभ्यासांतील सुमारे दीड हजार रुग्णांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. शंभर खऱ्या एक्झ्युडेटपैकी जवळपास ९८ बरोबर ओळखले जात होते, पण खऱ्या ट्रान्स्युडेटपैकी सुमारे एक चतुर्थांश चुकून एक्झ्युडेट ठरत होते. यांत मोठा भाग हृदय निकामी झालेल्या आणि लघवी वाढवणारी औषधे घेत असलेल्या रुग्णांचा होता.

औषधांचा हा परिणाम समजायला सोपा आहे. फ्युरोसेमाइडसारखे औषध सुरू केले की शरीरातले जास्तीचे पाणी लघवीवाटे निघून जाते आणि छातीतले पाणीही आटू लागते. पाणी भराभर ओढले जाते, पण प्रथिने आणि एलडीएचचे मोठे रेणू तितक्या वेगाने बाहेर पडू शकत नाहीत. दूध उकळत ठेवले की ते दाट होत जाते, तसे छातीत उरलेले पाणी दाट होते. पहिल्या दिवशी ०.४ असलेले प्रथिनांचे गुणोत्तर काही दिवसांच्या औषधानंतर ०.५ ओलांडू शकते. आजार तोच असतो, पडदाही निरोगीच असतो, फक्त आकडा रेषा ओलांडतो.

यावर १९९० साली एक उपाय पुढे आला. गुणोत्तराऐवजी वजाबाकी करायची. रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातले अल्ब्युमिन वजा केले आणि फरक १.२ ग्रॅमपेक्षा जास्त निघाला, तर निकषांनी एक्झ्युडेट म्हटलेले पाणीही बहुधा ट्रान्स्युडेटच असते. अल्ब्युमिन मोजलेले नसेल तर एकूण प्रथिनांचा फरक काढतात आणि तेथे सीमा ३.१ ग्रॅम आहे. मात्र ही वजाबाकी सुरुवातीलाच वापरायची नाही. एकट्या तिच्यावर विसंबले तर काही खरे एक्झ्युडेट सुटतात. आधी लाइटचे निकष लावायचे, ते रुग्णाच्या लक्षणांशी विसंगत वाटले तरच वजाबाकीकडे वळायचे, हा तिचा क्रम आहे.

एका रुग्णाचे आकडे

हा सारा इतिहास एका अहवालात कसा एकत्र येतो, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. ६४ वर्षांचे एक गृहस्थ तीन आठवड्यांपासून दम लागतो म्हणून रुग्णालयात येतात. रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही, पावले सुजतात, बोट दाबले की खळगा पडतो. ताप नाही, छातीत दुखत नाही. गावातल्या डॉक्टरांनी फ्युरोसेमाइडच्या गोळ्या दिलेल्या आहेत आणि त्या सुरू होऊन पाच दिवस झाले आहेत. एक्स-रेमध्ये हृदयाची सावली मोठी आहे आणि उजव्या बाजूला पाणी आहे, डावीकडे नाही.

दोन्ही बाजूंना सारखे पाणी असते आणि हृदयविकाराचे चित्र इतके स्पष्ट असते, तर आधी औषधे देऊन वाट पाहणेच योग्य ठरले असते. पाणी एकाच बाजूला असल्याने ते तपासायचे ठरते. सोनोग्राफीने जागा पाहून, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून सुई घातली जाते, कारण रक्तवाहिनी आणि चेतातंतू प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने जातात. पाणी फिकट पिवळे आणि स्वच्छ निघते. त्याच वेळी हातातून रक्तही घेतले जाते. हे दुसरे काम राहून गेले तर तीनपैकी दोन अटी तपासताच येत नाहीत.

अहवाल येतो. पाण्यात प्रथिने ३.६ ग्रॅम, सीरममध्ये ६.९. भागाकार ०.५२. पहिली अट पुरी झाली, पण केसभराच्या फरकाने. पाण्यात एलडीएच १२८, प्रयोगशाळेची कमाल मर्यादा २२५ आणि तिचे दोन तृतीयांश १५०. दुसरी अट पुरी होत नाही. सीरममध्ये एलडीएच २१८, भागाकार ०.५९. तिसरीही पुरी होत नाही. एक अट पुरी झाल्यामुळे निकषांनुसार हे पाणी एक्झ्युडेट आहे. पेशींच्या तपासणीत लिम्फोसाइट जास्त आहेत.

आपल्याकडे धोका नेमका इथे असतो. भारतात एक्झ्युडेटचे मोठे कारण क्षय आहे आणि क्षयाच्या पाण्यातही लिम्फोसाइट जास्त असतात. ‘एक्झ्युडेट आणि लिम्फोसाइट’ एवढे दोनच शब्द वाचले तर या गृहस्थांच्या हाती सहा महिन्यांची क्षयाची औषधे पडू शकतात आणि थकलेल्या हृदयाकडे दुर्लक्ष होऊ शकते. पण हृदयविकाराच्या पाण्यातही लिम्फोसाइट बऱ्याचदा जास्त असतात. त्यांच्यावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

म्हणून वजाबाकी करायची. सीरम अल्ब्युमिन ३.७, पाण्यातले २.१. फरक १.६, म्हणजे १.२ पेक्षा जास्त. एकूण प्रथिनांचा फरक ६.९ वजा ३.६, म्हणजे ३.३, तोही ३.१ पेक्षा जास्त. क्षयाच्या पाण्यात वाढणारे एडीए हे विकर फक्त १२ आहे. त्यासाठी सामान्यतः ४० च्या आसपासची सीमा धरतात. सगळे धागे एकाच दिशेला जातात. हे हृदयाचे पाणी आहे आणि ते औषधाने दाट झाले आहे. एकोमध्ये हृदयाची पंप करण्याची शक्ती कमी निघते, औषधे नीट बसवली जातात आणि पंधरवड्यात पाणी आटते. ते आटले नसते, तर मात्र शोध पुन्हा सुरू करावा लागला असता.

आता शेजारच्या खाटेवरील २८ वर्षांच्या बाईंचे आकडे पाहावेत. तीन आठवडे ताप, उजव्या छातीत श्वास घेताना टोचणे आणि पाण्यात प्रथिने ५.२, सीरममध्ये ७.४. भागाकार ०.७०. एलडीएच ५१०, सीरममध्ये २३०. भागाकार २.२. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या आणि त्याही थोडक्याने नव्हे, चांगल्याच अंतराने. अल्ब्युमिनचा फरक ०.९. एडीए ७२. येथे वजाबाकीची गरजच नव्हती. आकडे रेषेपासून किती दूर आहेत, हे ते रेषेच्या कोणत्या बाजूला आहेत याइतकेच महत्त्वाचे असते.

आकडे फसतात तेव्हा

मोजमापाच्या चुका बहुतेक वेळा नमुन्यातच असतात. लाल रक्तपेशी एलडीएचने भरलेल्या असतात. सुई घालताना रक्त मिसळले तर पाण्यातले एलडीएच खोटे वाढते आणि ट्रान्स्युडेट एक्झ्युडेट दिसतो. उलट हातातून घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यातच पेशी फुटल्या तर सीरममधले एलडीएच वाढते, भागाकाराचा खालचा आकडा मोठा होतो आणि गुणोत्तर खोटे कमी येते. प्रयोगशाळेतल्या नळीत सीरम पिवळसर न दिसता गुलाबी दिसले, तर तो आकडा वापरू नये आणि रक्त पुन्हा घ्यावे. रक्त आणि पाणी यांच्यात काही दिवसांचे अंतर पडले असेल तर दोन्ही आकड्यांची तुलनाच लंगडी होते.

काही आजार मात्र नमुना निर्दोष असूनही नियमाबाहेर जातात. कर्करोगाच्या काही मोजक्या रुग्णांत पाणी ट्रान्स्युडेट निघते. बहुधा त्यांना हृदयाचा आजारही असतो. म्हणूनच ब्रिटनमधल्या छातीविकारतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी २१ व्या शतकाच्या पहिल्या दशकात रेषेऐवजी पट्टा सुचवला. रक्तातली प्रथिने नेहमीच्या पातळीत असतील, तर पाण्यात २.५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे ट्रान्स्युडेट आणि ३.५ पेक्षा जास्त म्हणजे एक्झ्युडेट. मधल्या पट्ट्यात लाइटचे निकष लावायचे.

१९७२ नंतर पाण्यातले कोलेस्टेरॉल, हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तातली संप्रेरके अशी अनेक नवी मोजमापे आली. काही मदत करतात, पण कोणतेही लाइटच्या तीन अटींची जागा घेऊ शकले नाही. याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. हृदयविकाराचे पाणी चुकून एक्झ्युडेट ठरले तर एक-दोन जादा तपासण्या होतात आणि चूक वजाबाकीने सुधारता येते. क्षयाचे किंवा कर्करोगाचे पाणी ट्रान्स्युडेट म्हणून सोडून दिले तर ती चूक सुधारायला रुग्णाकडे वेळ उरेलच असे नाही. लाइटचे निकष चुकतात ते बहुतेक पहिल्या बाजूला. चूक कोणत्या बाजूला होते हे ठाऊक असलेली कसोटी अचूक नसली तरी भरवशाची असते. ती वापरताना त्याच दिवशी घेतलेले रक्त, प्रयोगशाळेची स्वतःची मर्यादा आणि रुग्ण कोणती औषधे घेतो याची नोंद या तीन गोष्टी पाण्याच्या नळीइतक्याच आवश्यक आहेत.